भिंतीवरचे साडेपाच सेंटीमीटर

मुलगी नऊ वर्षं दोन महिन्यांची. आईने आणलं होतं ते पोटासाठी. तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, पोट दुखतं म्हणते, आणि हल्ली शाळेतून आली की दप्तर टाकून झोपते. वर्गशिक्षिका मात्र खूश, 'अगदी शांत मुलगी आहे' म्हणून. हाताला त्वचा कोरडी लागत होती. आत बोलावण्याआधी सिस्टरने नेहमीप्रमाणे वजन आणि उंची घेऊन कागदावर लिहिली होती: वजन २९ किलो, उंची ११९.८ सेंटीमीटर.

ही मुलगी आमच्याकडे नवीन नव्हती. तेरा महिन्यांपूर्वी तापासाठी आली तेव्हाचीही उंची कार्डावर होती, ११६.९. म्हणजे तेरा महिन्यांत २.९ सेंटीमीटर. वर्षाच्या हिशेबाने पावणेतीनही नाही. चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढतं. चारच्या खाली गेलं की कारण शोधावं लागतं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती गोंधळली नाही, उलट तिने मलाच समजावलं. "डॉक्टर, असं कसं? आम्ही दर वाढदिवसाला भिंतीवर खूण करतो. गेल्या वर्षी साडेपाच सेंटीमीटर वाढली. त्याच्या आदल्या वर्षी थोडी कमी वाढली होती, पण ते सगळं भरून निघालं."

एकाच मुलीचं एकच वर्ष, आणि उत्तरं दोन. दवाखान्याचं पावणेतीन खरं असेल तर ही मुलगी आजारी होती. घरचं साडेपाच खरं असेल तर फळं, पाणी आणि एक सौम्य औषध देऊन घरी पाठवायचं होतं.

आधी आपलं तपासलं

भिंत चुकली असं धरून चालणं सोपं होतं, पण दवाखान्यातले आकडेही चुकतात. आमचा स्टेडिओमीटर साधा आहे: भिंतीला पक्की बसवलेली उभी पट्टी, खाली सपाट पाट, आणि वर-खाली सरकणारी आडवी फळी. या फळीवरच सगळा खेळ आहे. ती पट्टीशी काटकोनात राहते आणि सरकताना झुकत नाही, म्हणून डोक्याच्या सर्वांत उंच ठिकाणाची पातळी जशीच्या तशी आकड्यापर्यंत पोचते. फळीचा खटका झिजला की ती पुढे झुकते आणि आकडा बिघडतो. वजनकाट्याला जोडलेली, वर ओढायची जी दांडी पुष्कळ ठिकाणी दिसते तिची ही खोड जुनी आहे. वरून ओढून खाली आणायचा जो मीटर असतो, तो भिंतीवर बरोबर २०० सेंटीमीटरवर ठोकलेला नसेल तर येणारं प्रत्येक मूल तेवढ्यानेच चुकीचं मोजलं जातं.

म्हणून आमच्याकडे एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची काठी ठेवलेली आहे. ती पाटावर उभी धरली आणि फळी टेकवली. आकडा १००.० आला. यंत्र ठीक होतं.

मग मुलीला पुन्हा मोजलं, या वेळी मी स्वतः. बूट-मोजे काढले, हेअरबँड काढला. टाचा जोडून पट्टीला टेकवल्या. नितंब आणि खांद्यांची पाती टेकली. डोकं असं ठेवलं की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत येतील. हे डोक्याचं ठेवणं सर्वांत जास्त निसटतं. 'ताठ उभी राहा' म्हटलं की मुलं हनुवटी वर करतात, 'खाली बघ' म्हटलं की मान घालतात, आणि दोन्ही वेळा डोक्याचा भलताच भाग वर येतो. मग कानामागच्या हाडांखाली दोन्ही हात लावून डोकं हळूच वर उचलल्यासारखं केलं, तिला मोठा श्वास घ्यायला सांगितला, आणि सिस्टरने फळी केस दबतील इतकी खाली आणली. आकडा वाचताना डोळा त्याच पातळीवर हवा, म्हणून सिस्टर वाकली. मुलीला पट्टीपासून दूर केलं, परत उभं केलं, परत मोजलं. तीनदा मिळून ११९.७, ११९.९, ११९.८.

सरावलेल्या हाताने असे आकडे सहसा तीन-चार मिलिमीटरच्या आत राहतात. जुन्या नोंदीची मात्र इतकी खात्री देता येत नव्हती. तापाने फणफणलेलं मूल घाईत मोजलं असेल, सँडल पायातच राहिली असेल. म्हणून आईला म्हटलं, "ताई, घरी गेलात की त्या भिंतीचा फोटो पाठवा. आणि स्टीलच्या टेपने जमिनीपासून प्रत्येक खुणेपर्यंत मोजून आकडे कळवा. दोन खुणांमधलं अंतर नको, जमिनीपासूनची उंची हवी."

भिंत काय सांगत होती

रात्री फोटो आला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत, तिच्यावर पेन्सिलीच्या चार आडव्या रेघा. सहाव्या, सातव्या आणि आठव्या वाढदिवसाच्या रेघेशेजारी आईच्या अक्षरात आकडे होते: १०८, ११३.५, ११७.९. नवव्या वाढदिवसाच्या रेघेशेजारी फक्त तारीख. त्या दिवशी टेप सापडली नव्हती, म्हणून वडिलांनी मुलीच्या कंपासमधल्या पट्टीने आठव्या रेघेपासून नवव्या रेघेपर्यंतचं अंतर मोजलं होतं. ते साडेपाच सेंटीमीटर हे.

फोटोमागोमाग आईचा फोन आला. आवाज बदललेला होता. "डॉक्टर, काहीतरी विचित्र आहे. मी ११७.९ लिहिलेली खूण टेपने मोजली तर ११५.५ भरतेय. खालच्या दोन्ही खुणाही तेवढ्याच कमी भरतात. असं कसं होईल?"

फोटोत भिंतीच्या पायथ्याला तपकिरी स्कर्टिंग चमकत होती. मी विचारलं, "घराचं काम काढलं होतं का?"

काढलं होतं. दिवाळीच्या आधी, म्हणजे आठव्या आणि नवव्या वाढदिवसांच्या मधे. जुनी शहाबादी फरशी उखडली तर धूळ फार होईल म्हणून तिच्यावरच माल टाकून नव्या टाइल्स बसवल्या होत्या. मालाचा थर आणि टाइल मिळून जमीन २.४ सेंटीमीटर वर आली. भिंतीवरच्या रेघा होत्या तिथेच राहिल्या. नवव्या वाढदिवशी मुलगी वर आलेल्या जमिनीवर उभी राहिली, त्यामुळे नवी रेघ तेवढीच वर गेली. आज जमिनीपासून मोजली तर नववी रेघ १२१.० वर होती आणि आठवी ११५.५ वर. मधलं अंतर साडेपाचच, वडिलांनी मोजण्यात काहीही चूक केली नव्हती. पण आठव्या वाढदिवशी ती जुन्या जमिनीवर ११७.९ होती. १२१.० वजा ११७.९ म्हणजे ३.१.

आता तीन वर्षं ओळीने मांडली: ५.५, ४.४, ३.१. घरच्यांना दिसत होतं ५.५, ४.४, ५.५. वाढ मधे जरा मंदावली आणि मग सावरली, असं त्या भिंतीवरून कुणीही म्हटलं असतं. प्रत्यक्षात ती दोन वर्षं सतत मंदावत होती, आणि जी भरपाई वाटत होती ती फरशीची होती.

उरलेला दीड सेंटीमीटर

वेगाचं कोडं सुटलं, पण एक धागा राहिला होता. भिंत म्हणत होती नवव्या वाढदिवशी १२१.०, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी स्टेडिओमीटर म्हणत होता ११९.८. मूल दोन महिन्यांत खुजं होत नाही. वाढदिवसाला ती खरी ११९.३-११९.४ असणार. म्हणजे भिंत दीड सेंटीमीटरहून थोडं जास्तच दाखवत होती. हे कुठून आलं ते मला आईबरोबर बसून बघायचं होतं, कारण पुढची काही वर्षं ती मोजणार होतीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या. मी म्हटलं, घरी करता तसंच इथल्या मोकळ्या भिंतीवर करा. आईने मुलीला उभं केलं, हेअरबँड तसाच, डोक्यावर शंभर पानी वही ठेवली, बाजूला उभं राहून वहीच्या खालून रेघ ओढली. टेपने मोजलं: १२०.९. लगेच स्टेडिओमीटरवर पुन्हा ११९.८.

हेअरबँड काढून वहीनेच परत केलं, तर १२०.५. मग वहीऐवजी औषधाचं एक भक्कम चौकोनी खोकं घेतलं. त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटवून ते डोक्यावर उतरवलं: ११९.९. वहीचं असं होतं की तिची बाहेरची कड हातात जराशी खाली झुकते, आणि मग भिंतीकडची कड वर जाते. डोक्याचा सर्वांत उंच भाग भिंतीपासून दहाएक सेंटीमीटर पुढे असतो. तेवढ्या अंतरावर वही फक्त पाच अंशांनी कलली तरी भिंतीवरची रेघ जवळजवळ नऊ मिलिमीटर वर सरकते, आणि पाच अंश डोळ्याला सहसा दिसत नाहीत. शिवाय मऊ वही मधे वाकते. स्टेडिओमीटरची फळी महाग आहे ती याच एका गोष्टीसाठी, की तिला कलता येत नाही. खोक्याचा कोन तेच काम बऱ्याच अंशी करतो.

हे झाले अकरा मिलिमीटर. राहिलेले पाचएक वेळेचे होते. वाढदिवसाची खूण घरी सकाळी अंघोळ झाल्याबरोबर होते, आमच्याकडे त्या संध्याकाळी साडेसहाला आल्या होत्या. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगतात. उठून चालू-फिरू लागलो की वजनाने त्यांतलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि दिवसभरात उंची अर्धा ते एक सेंटीमीटर, कधी थोडी जास्त उतरते. त्यातला मोठा वाटा उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच जातो. म्हणून सकाळची एक खूण आणि संध्याकाळची एक खूण यांची तुलना करू नये, मग ती भिंतीवरची असो की उत्तम यंत्रावरची.

इथे एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. हेअरबँड, झुकलेली वही, सकाळची वेळ या चुका दरवर्षी सारख्याच होत असतील तर उंचीचा आकडा चुकतो, पण दोन वर्षांमधला फरक फारसा चुकत नाही. दोन्ही टोकांना सारखीच चूक असते, वजाबाकीत ती निघून जाते. याच घरात ते दिसतं: भिंतीवरचे शेवटचे दोन्ही वाढदिवस दीड सेंटीमीटरच्या आसपास फुगलेले होते, तरी फरशी दुरुस्त केल्यावर आलेला वेग ३.१ होता आणि स्टेडिओमीटरचा २.७. घात केला तो मधेच बदललेल्या गोष्टीने. कुणाकडे ती फरशी असते, कुणाकडे एक खूण दारावर आणि पुढची भिंतीवर, कुणाकडे यंदा आईऐवजी काकांनी केलेली खूण. उंची मोजायचा, जिराफाचं चित्र असलेला कागद एका घरातून काढून दुसऱ्या घरात स्कर्टिंगच्या वर चिकटवला की तेच होतं.

दोन सेंटीमीटरचा सवाल

निरोगी वाढ आणि आजारी वाढ यांच्यात वर्षाला अंतर असतं जेमतेम दोन सेंटीमीटरचं. साडेपाच वाढलं तर ठीक, साडेतीन वाढलं तर तपासण्या. वेग काढायला दोन मोजमापं लागतात आणि दोन्हींची चूक वजाबाकीत उतरते. स्टेडिओमीटरवर प्रत्येक वेळी तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर फरकात साधारण चार मिलिमीटरचा गोंधळ येतो. दोन सेंटीमीटरचं अंतर त्यातून स्वच्छ दिसतं. भिंतीवर प्रत्येक वेळी एक सेंटीमीटर इकडे-तिकडे झालं तर गोंधळ जवळजवळ दीड सेंटीमीटरचा होतो, आणि ज्याचा शोध घ्यायचा तेच त्यात बुडतं.

घाई केली की हे आणखी बिघडतं. तीन महिन्यांच्या दोन आकड्यांवरून वर्षाचा वेग काढायचा तर फरकाला चारने गुणावं लागतं, आणि चूकही चारपट होते. म्हणून चांगल्या स्टेडिओमीटरवरही सहा महिन्यांहून कमी अंतरावरून वेगाबद्दल मत देऊ नये. वर्षाचं अंतर सर्वांत बरं.

या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या दवाखान्याकडून निसटली होती आणि तिचं मला वाईट वाटतं. तिची एका दिवसाची उंची वाढीच्या तक्त्यात खालच्या भागात असली तरी रेषांच्या आत होती. वडील १७० सेंटीमीटर, आई १५६. दोघांच्या बेरजेतून मुलीसाठी १३ वजा करून अर्धं केलं तर १५६.५ येतं, म्हणजे तिने तक्त्याच्या मधल्या रेषेच्या आसपास चालायला हवं होतं. मधल्या वर्षात ती आणखी दोनदा सर्दी-खोकल्यासाठी आली होती. तेव्हा फक्त वजन घेतलं गेलं, आणि वजन वाढत होतं. कुपोषणात आधी वजन थांबतं आणि उंची मागाहून. थायरॉइड किंवा वाढीचं संप्रेरक कमी पडलं की उलट होतं: वजन चालू राहतं आणि उंची थांबते. नुसतं वजन बघणाऱ्याला असं मूल छान भरलेलं दिसतं.

रक्त तपासलं. थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक टीएसएच शंभराच्या वर, थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक फ्री टी-४ बरंच कमी, थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटली होती. या वयाच्या मुलींत थायरॉइड मंदावण्याचं हे नेहमीचं कारण आहे. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय सात वर्षांचं निघालं. एका परीने ही दिलाशाची बातमी होती, कारण हाडं मागे असतात तेव्हा वाढायला जागा शिल्लक असते. पण ही जागा कायम राहत नाही. थायरॉइड फार काळ कमी राहिलं, आणि उपचार वयात येण्याच्या तोंडावर सुरू झाले, तर गेलेली उंची पूर्ण परत मिळतेच असं नाही. भिंतीवर विसंबून दहाव्या वाढदिवसापर्यंत थांबलो असतो तर त्या जागेतलं आणखी जवळजवळ एक वर्ष गेलं असतं.

लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू केली, रोज सकाळी उपाशी पोटी. बद्धकोष्ठ महिन्याभरात गेलं. दोन महिन्यांनी टीएसएच ताळ्यावर आलं. मुलगी आता शाळेतून आल्यावर झोपत नव्हती, अंगणात होती.

आई मात्र दर रविवारी भिंतीशी उभी राहू लागली. तिसऱ्या आठवड्यात आनंदाने सांगितलं, अर्धा सेंटीमीटर वाढली. पुढच्या रविवारी घाबरून फोन, "कमी झाली, गोळी लागू पडत नाही का?" तो रविवार लग्नाच्या गडबडीचा होता आणि खूण रात्री नऊला केली होती. मी त्यांना हिशेब करून दाखवला: औषध लागू पडून वर्षाला नऊ सेंटीमीटर जरी वाढली तरी आठवड्याला पावणेदोन मिलिमीटरच होतात, आणि सकाळ-संध्याकाळचा फरक त्याच्या निदान तिप्पट. आठवड्याची वाढ भिंतीवर दिसूच शकत नाही. ती काळजी कुठल्याही आईला वाटेल, म्हणून नुसतं 'मोजू नका' म्हणण्यापेक्षा कसं मोजायचं ते ठरवलं. तीन महिन्यांतून एकदा, शाळा सुटल्यावर पाच वाजता, हेअरबँड न घालता, खोक्याने. जागा बदलली, कारण नव्या स्कर्टिंगमुळे टाचा भिंतीपासून सेंटीमीटरभर पुढे येत होत्या आणि डोकं टेकवायला ती मागे रेलत होती. आता कपाटाची सपाट बाजू वापरतात, तिला खाली कड नाही. आणि प्रत्येक खुणेशेजारी जमिनीपासूनचा आकडा, तारीख आणि वेळ लिहायची.

सहा महिन्यांनी स्टेडिओमीटरवर १२४.६, वर्षाने १२८.९. वर्षभरात ९.१ सेंटीमीटर. त्याच आठवड्यात कपाटावरची खूण १२९.३ होती, शेजारी आईच्या अक्षरात 'सायं. ५.१०'.

जुन्या भिंतीच्या त्या तीन आकड्यांची नोंद मी तिच्या फाइलमध्ये ठेवली आहे. आमच्याकडे तिची आठ वर्षांच्या आधीची एकही उंची नव्हती. वाढ सातव्या वाढदिवसानंतर मंदावू लागली हे आम्हाला कळलं ते केवळ आईने रेघेशेजारी १०८, ११३.५ आणि ११७.९ असं पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं म्हणून.